तीन दारांचं कोडं, वैष्णवीसाठी

वैष्णवी,

काल तासाला मी विचारलं, तीन दारांतलं एक तू निवडल्यावर खेळ घेणाऱ्यानं गाडी नसलेलं दुसरं दार उघडून दाखवलं, तर आपलं दार बदलावं का, तेव्हा तू म्हणालीस "दोनच दारं राहिली, मग फिफ्टी-फिफ्टीच ना सर", पोरं हसली आन तू वही मिटून खाली पाहत बसलीस, ते मी पाहिलं. घंटा झाली म्हणून बोलता नाही आलं. मग तुझ्या आईकडून कळलं की तू रात्री जेवलीही नाहीस, गणित आपल्याच्यानं होणार नाही म्हणतेस. काहून बाप्पा असं?

1990 मध्ये अमेरिकेत मासिकात सदर लिहिणाऱ्या मॅरिलिन वॉस सावंत यांनी हेच कोडं सोडवून 'दार बदला' असं छापलं, तर तुम्ही चुकलात म्हणून हजारो पत्रं आली, त्यात पीएचडीवालेही होते. पॉल एर्डोशसारख्या गणितज्ञालाही कम्प्युटरवर खेळ खेळून दाखवेपर्यंत पटलं नव्हतं. तू त्यांच्याच रांगेत आहेस.

आता नीट बघ. तीन दारं, एकामागं गाडी, दोघांमागं बकऱ्या (आपल्याकडं बकरीलाही मोल आहे, पण या खेळात ती निघाली म्हणजे हरलो). तू एक दार निवडलंस. तीनदा खेळलीस तर सरासरी एकदाच ते बरोबर असणार, दोनदा गाडी उरलेल्या दोघांत. आता खेळ घेणारा त्या उरलेल्या दोघांतलं एक दार उघडतो आन तुला दार बदलायचं का विचारतो, पण त्याला गाडी कुठं आहे ते माहीत असतं आन गाडीचं दार तो उघडूच शकत नाही. म्हणजे तुझी पहिली निवड चुकली असेल तेव्हा त्याच्यापुढं एकच दार उरतं, बकरीचं, ते तो उघडतो आन गाडीचं दार तुझ्यासाठी ठेवतो. पहिली निवड तीनात दोनदा चुकते, म्हणून बदललं की तीनात दोनदा गाडी.

अजून खटकत असेल तर शंभर दारं धर. तू एक धरलंस, त्यानं जाणूनबुजून 98 बकऱ्या दाखवल्या आन एकच दार सोडलं. ते त्यानं काहून सोडलं असेल?

आन एक गोष्ट मनावर घे, वाऱ्यानं आपोआप एखादं दार उघडून बकरी दिसली असती तर तुझं फिफ्टी-फिफ्टी अगदी बरोबर होतं. सगळा फरक खेळ घेणाऱ्याला माहीत असण्याचा आहे, आन ते वाक्य मी काल घाईत वाचलं. पेपरात मात्र यावरून ऑप्शन बदलत बसू नको, तिथं असा कोणी दार उघडणारा नसतो.

रात्री मी पोराला घेऊन ओसरीवर बसलो, तीन स्टीलच्या वाट्या, एकीखाली चिंचोका, 30 वेळा खेळलो आन दरवेळी बदललं, 21 वेळा चिंचोका मिळाला. तू भावासोबत 30 वेळा बदलून आन 30 वेळा न बदलता खेळ, वहीच्या मागच्या पानावर रेघा मारत जा आन सोमवारी मला दाखव.

पण आधी जेवून घे.

वानखडे सर