विषय: तिसऱ्या रुमालातील पत्रे – आपल्या १८ जूनच्या मेलला फार उशिरा देत असलेले उत्तर, तारखांची दुरुस्ती आणि पुढचे काम

आदरणीय मॅडम,

सप्रेम नमस्कार.

आपला १८ जूनचा मेल आणि त्यानंतर १५ जुलैला पाठवलेले स्मरणपत्र, दोन्हींना आज ९ ऑगस्टला उत्तर देते आहे. सात आठवडे उलटून गेले. मी आपली मनापासून क्षमा मागते. ५ जुलैला पत्रे छापखान्यात द्यायची होती आणि माझ्यामुळे ती राहिली, हे मला माहीत आहे. संपूर्ण खंडाचे वेळापत्रक आपण किती जुळवाजुळव करून आखले होते हेही मी जवळून पाहिले आहे.

२९ जूनपासून मी आजारी होते. आधी पाच दिवस १०२-१०३ ताप, अंगावर पुरळ आणि पायावर उभे राहवेना. रक्ततपासणीत चिकुनगुनिया निघाला. ताप उतरला, पण सांधे धरले ते धरलेच. मनगटे, घोटे आणि सगळ्यांत वाईट म्हणजे बोटे. सकाळी उठल्यावर मूठ वळत नसे. टूथपेस्टचे झाकण आई फिरवून द्यायची, आणि ओला टॉवेल पिळणे तर जुलै संपेपर्यंत जमले नाही. आता सूज बरीच उतरली आहे. दुपारनंतर दोन-अडीच तास लिहिता येते, सकाळी मात्र अजून बोटे आखडलेली असतात. हे सांधे पूर्ण सुटायला आणखी काही आठवडे लागू शकतात, असे डॉक्टरांनी सांगितले आहे.

पण मॅडम, सगळा उशीर आजारपणाच्या नावावर टाकणे बरोबर होणार नाही. आपला मेल १८ जूनला संध्याकाळीच मी वाचला होता. ताप आला २९ला. मधले अकरा दिवस माझे हातपाय ठीक होते. तरी मी उत्तर दिले नाही, त्याचे कारण हे की आपण दाखवलेली चूक बघताक्षणी पटली होती आणि सगळ्या पत्रांच्या तारखा दुरुस्त करूनच आपल्याला तोंड दाखवावे असे मनाने घेतले. त्याच दिवशी ‘चूक मान्य आहे, तपासते’ एवढे लिहायला हवे होते. आजारपणातही आईला सांगून दोन ओळी पाठवता आल्या असत्या. आपला फोन आला तेव्हा आईने ‘ती झोपून आहे’ एवढेच सांगितले, आणि मी नंतर उलटा फोन केला नाही. गुरुपौर्णिमेला आपली फार आठवण झाली, पण इतके दिवस गप्प राहून नुसता नमस्काराचा निरोप कसा पाठवायचा, या संकोचात तोही दिवस गेला. हे माझे चुकले.

आता मूळ मुद्द्याकडे वळते.

आपण १७व्या पत्रावर बोट ठेवले होते. पत्रावर ‘छ ८ सफर, सन अर्बा सबैन मया व अलफ’ असा काळ आहे आणि मी तो एप्रिल १७७३ असा दिला होता. आत मजकूर पुरंदरावर गंगाबाईंना पुत्र झाल्याचा आणि साखर वाटल्याचा. आपण विचारले होते, ‘नारायणराव ३० ऑगस्ट १७७३ला मारले गेले. मग त्याच्या चार महिने आधी पुरंदरावर ही साखर कशाची?’ हे वाचून मी पत्र पुन्हा काढले आणि दोन मिनिटांत चूक सापडली. सवाई माधवरावांचा जन्म १८ एप्रिल १७७४चा आहे. पत्र त्यानंतर दोन दिवसांनी, २० एप्रिल १७७४ला लिहिलेले ठरते. मजकूर आणि मिती अगदी चपखल बसतात. चुकला तो माझा हिशेब.

सुहूर सन ११७४ला ५९९ मिळवून मी १७७३ काढले आणि तिथेच थांबले. सुहूर साल मृगापासून सुरू होते, त्यामुळे जानेवारी ते मृग या काळातल्या पत्रांना ५९९ नव्हे, ६०० मिळवायला हवेत. हे मला माहीत नव्हते असे नाही. दप्तरात बसून पहिली दहा-बारा पत्रे लावली ती सगळी श्रावण-भाद्रपदातली होती, तिथे ५९९ बरोबर येत गेले आणि पुढे हात त्याच सवयीने चालत राहिला. आपल्याकडे शिकताना महिना आधी लावा, साल नंतर, असे आपण पहिल्याच आठवड्यात सांगितले होते. माझ्या वहीच्या पहिल्या पानावर ते लिहिलेले आहे.

म्हणून एकट्या १७व्या पत्रावर न थांबता सगळीच्या सगळी ४६ पत्रे मी पुन्हा तपासली. यातले थोडे जूनमध्ये झाले होते. उरलेले गेल्या दहा दिवसांत केले: मी जंत्री बघून आकडे सांगायचे आणि धाकट्या भावाने ते टंकायचे. १३ पत्रांचे साल एकने चुकले होते. त्यांपैकी ४ पत्रांत शके आणि तिथीही दिलेली आहे, त्यामुळे तिथे पक्का पडताळा मिळाला. बाकीच्या ९ पत्रांत फक्त चंद्र आणि सुहूर सन आहे, ती महिन्यावरून लावली आहेत.

३१व्या पत्राची चूक वेगळी आहे आणि ती आपल्या मेलमध्ये नव्हती, म्हणून मुद्दाम कळवते. मी तिथे ‘सन सबैन’ वाचले होते, म्हणजे ११७०. कागदाची घडी नेमकी त्या ओळीवरून गेली आहे आणि घडीत कसर लागली आहे. फोटो मोठा करून पाहिल्यावर घडीच्या अलीकडे ‘सबा’चे शेवटचे वळण दिसते. म्हणजे साल ‘सबा सबैन’, ११७७. महिना जमादिलावल आहे, तो त्या वर्षी मृगानंतर येतो, म्हणून पत्र १७७६चे. एका सुटलेल्या शब्दाने मी ते सात वर्षे मागे नेऊन ठेवले होते. तरी हे वाचन आपल्या नजरेखालून गेल्याशिवाय मी पक्के धरणार नाही. त्या ओळीचा फोटो सोबत जोडला आहे.

दुरुस्त तारखांचा तक्ताही सोबत आहे. जुने साल, नवे साल आणि बदलाचे कारण अशा तीन रकान्यांत १४ पत्रे आहेत. जी ३२ पत्रे बदलली नाहीत ती दुसऱ्या पानावर.

एक गोष्ट आपल्या निर्णयावर सोपवते. चंद्रदर्शनावर महिना धरल्यामुळे जंत्रीतली तारीख आणि प्रत्यक्ष तारीख यांत एखाद्या दिवसाचा फरक पडू शकतो. ज्या पत्रांत तिथी नाही तिथे इंग्रजी तारखेपुढे ‘सुमारे’ लिहावे, की प्रस्तावनेत एकदाच खुलासा करावा? माझा कल प्रस्तावनेतल्या खुलाशाकडे आहे, कारण प्रत्येक पत्रावर ‘सुमारे’ आले की वाचणाऱ्याला सालही डळमळीत वाटेल. आपण म्हणाल तसे करते.

पुढचे काम मला झेपेल असे बघून ठरवले आहे. पुन्हा एकदा शब्द देऊन तो मोडायचा नाही.

परवा, रविवारी ११ ऑगस्टला, मी दप्तराच्या मालकांकडे वाड्यावर जाणार आहे. त्यांच्याशी काल फोनवर बोलले. आपण मागितलेल्या ८, १९, २२ आणि ४० या चार पत्रांच्या फाटक्या कडांचे फोटो अजून काढायचेच आहेत. जूनमध्ये काढलेल्या फोटोंत कागदाची सावली अक्षरांवर पडली होती. भाऊ सोबत येतो आहे, रुमाल सोडणे-बांधणे आणि कागद उलगडणे तो करील, कारण आखडलेल्या बोटांनी अडीचशे वर्षांच्या कागदाला हात लावायची माझी हिंमत नाही. फोटो सोमवारी, १२ ऑगस्टला रात्रीपर्यंत आपल्याला मिळतील.

त्यानंतर चारही पत्रांचे लिप्यंतर नव्या फोटोंवरून ताडून सोमवारी १९ ऑगस्टला पाठवते. जिथे अक्षर गेलेलेच आहे तिथे अंदाजाने शब्द भरणार नाही, चौकटी कंसात टिंबे ठेवीन, हे आपण आधी सांगितल्याप्रमाणेच.

शब्दसूची राहिली आहे. ती अर्धी झाली होती, ‘प’पर्यंत. फारसी शब्दांचे अर्थ ताडायला वेळ लागतो आणि माझा टंकायचा वेग सध्या निम्म्यावर आहे, म्हणून तिला शुक्रवार ३० ऑगस्टची तारीख धरली आहे. गणपती ७ सप्टेंबरला बसतात, त्याआधी सगळा मजकूर आपल्या हाती असेल आणि आपल्याला एक आठवडा तो बघायला मिळेल.

दर शुक्रवारी संध्याकाळी, काम कुठवर आले ते मी दोन ओळींत कळवीन. काम पुढे सरकले नसेल तरी कळवीन. सांधे पुन्हा धरले आणि लिहिता आले नाही, तर भाऊ माझ्या मेलवरून लिहील. त्याला तसे सांगून ठेवले आहे.

मधल्या काळात आपण हे काम दुसऱ्या कोणाकडे दिले असेल, तर ते रास्तच आहे. मला निःसंकोच सांगा. तसे असेल तर ४६ पत्रांचे फोटो, माझे लिप्यंतर, तारखांच्या हिशेबाची वही आणि अपुरी शब्दसूची मी सोमवारीच त्यांच्याकडे पोहोचती करीन आणि ३१व्या पत्रासारख्या शंकेच्या जागा त्यांच्यासोबत बसून दाखवीन.

मॅडम, १७वे पत्र जुन्या तारखेनिशी छापले गेले असते तर पुढे कोणीतरी त्याच्या आधाराने लिहिले असते. आपण ते वाचून थांबलात, मजकूर आणि मिती शेजारी ठेवून पाहिलीत. त्याबद्दलचे आभार मी १८ जूनलाच मानायला हवे होते. ते आज मानते.

छापखान्याला नवी तारीख कळवायची असेल आणि उशिराचे कारण मीच सांगावे असे आपल्याला वाटत असेल, तर तसे कळवा, मी त्यांना फोन करते. आपल्याशी बोलायला दुपारी ३नंतर केव्हाही मोकळी आहे. आपल्याला सोयीचे असेल तेव्हा मीच फोन करीन.

आपली नम्र,
मृणाल

सोबत:
दुरुस्त तारखांचा तक्ता (२ पाने)
३१व्या पत्रातील मितीच्या ओळीचा फोटो