रेषेवरून सरकणं आणि रेषाच सरकणं : एका जड उताऱ्याचं नववीसाठी पुनर्लेखन

मूळ उतारा (बारावीच्या टिपणांतून)

इतर परिस्थिती कायम असताना केवळ वस्तूच्या किमतीतील बदलामुळे मागणीच्या नगसंख्येत होणारे विचलन हे एकाच मागणी वक्रावरील विस्तार वा संकोच या स्वरूपात दर्शविले जाते. तथापि उत्पन्न, अभिरुची, पर्यायी व पूरक वस्तूंच्या किमती आणि भविष्यकालीन किंमतविषयक अपेक्षा या किमतीव्यतिरिक्त घटकांत बदल घडून आल्यास संपूर्ण मागणी वक्र मूळ स्थानापासून उजवीकडे अथवा डावीकडे स्थानांतरित होतो. तद्वतच उत्पादन खर्च, तंत्रज्ञान, नैसर्गिक परिस्थिती व शासकीय धोरण यांतील बदलांमुळे पुरवठा वक्राचे स्थानांतरण होऊन नवीन समतोल प्रस्थापित होतो. उभय वक्र एकाच वेळी स्थानांतरित झाल्यास समतोल किंमत व समतोल नगसंख्या यांपैकी एकीच्या बदलाची दिशा निश्चित असते, तर दुसरीची दिशा स्थानांतरणांच्या सापेक्ष परिमाणावर अवलंबून राहते.

निफाड तालुक्यातल्या नववीच्या वर्गासाठी

लासलगावच्या कांदा मार्केटला तुमच्यापैकी बरेच जण ट्रॅक्टरवर बसून जाऊन आलेले आहात. तिथल्या लिलावात भाव ठरताना दोन बाजू असतात. घेणारे व्यापारी ही मागणी आणि माल आणणारे शेतकरी हा पुरवठा. समजा, एका छोट्या बाजारात एका दिवशीचं चित्र असं आहे. आकडे मी मनाने घेतलेत, हिशेब सोपा जावा म्हणून.

| भाव (रुपये किलो) | मागणी (क्विंटल) | पुरवठा (क्विंटल) |
|---|---|---|
| २० | ७० | ३० |
| २५ | ६० | ४० |
| ३० | ५० | ५० |
| ३५ | ४० | ६० |
| ४० | ३० | ७० |

मधला स्तंभ बघा. भाव चढत गेला की घेणारे हात आखडतात. शेवटच्या स्तंभात उलटं आहे, भाव चढला की चाळीतला माल बाहेर निघतो. ३० रुपयांना दोन्ही आकडे जुळतात. घेणाऱ्यांना जेवढा हवा तेवढाच माल बाजारात आहे, कुणाची ट्रॉली परत जात नाही, कुणी व्यापारी रिकामा जात नाही. हा समतोल.

आता आलेखाचा कागद घ्या. आडव्या अक्षावर क्विंटल, उभ्या अक्षावर भाव. इथे गणिताच्या तासाला शिकलेलं थोडं बाजूला ठेवावं लागेल. तिथे ज्याच्यामुळे दुसरं बदलतं ते आडव्या अक्षावर घेतात. म्हणजे भाव आडवा हवा होता. पण आल्फ्रेड मार्शल या इंग्लंडच्या अर्थशास्त्रज्ञांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस भाव उभ्या अक्षावर घेतला आणि जगभर तीच रीत पडली. बिंदू जोडलेत की मागणीची रेषा डावीकडून उजवीकडे उतरताना दिसेल, पुरवठ्याची चढताना. दोन्ही एकमेकींना छेदतात ती जागा म्हणजे ३० रुपये, ५० क्विंटल. पुस्तकात यांना वक्र म्हणतात. आपल्या आकड्यांमुळे त्या सरळ आल्या, एवढंच.

आता उताऱ्यातल्या पहिल्या वाक्याकडे. भाव ३० वरून ३५ झाला, बाकी काहीही बदललं नाही, तर मागणी ५० वरून ४० होते. ही माहिती तक्त्यात आधीपासूनच लिहिलेली होती. तुम्ही फक्त बोट एका ओळीवरून खालच्या ओळीवर नेलंत. आलेखावर हाच प्रवास त्याच रेषेवरून वर सरकण्याचा. याला मागणीचा संकोच म्हणायचं. भाव उतरून मागणी वाढली, तर विस्तार. रेषा जागची हललेली नाही.

रेषा कधी हलते? तक्त्याचा अख्खा स्तंभच खोडून नवा लिहावा लागतो तेव्हा.

आषाढातली कांदेनवमी आठवा. भाव काहीही असो, त्या दिवशी घरोघरी भजी, थालीपीठ होतातच. २० ला ७० क्विंटल जाणारा माल ९० जाईल, ३० ला ५० ऐवजी ७०. प्रत्येक ओळीतला मागणीचा आकडा वाढला, म्हणजे रेषा उजवीकडे गेली. दोनच दिवसांत चातुर्मास लागतो, अनेक घरांत कांदा-लसूण बंद होतो, आणि तिथली मागणी प्रत्येक भावाला कमी होते. रेषा डावीकडे. उताऱ्यात याला ‘अभिरुची’ म्हटलंय. ‘पर्यायी वस्तू’ म्हणजे कांद्याऐवजी चालणारी वस्तू. कांद्याला खरा पर्याय नाही. पण तो फार महागला की हॉटेलवाले ताटात कोबी चिरून ठेवतात, हे पाहिलं असेल. तसा कोबीच स्वस्त झाला, तर कांद्याची मागणी थोडी घटेल. ‘उत्पन्न’ मोटरसायकलच्या बाबतीत महत्त्वाचं. कांद्यात त्याचा फरक कमी पडतो, म्हणून पुढे जाऊ.

‘अपेक्षा’ मात्र आपल्याकडे सगळ्यात मोठी. उन्हाळ कांदा मार्च-एप्रिलपासून निघतो आणि चाळीत भरून ठेवला जातो. दिवाळीच्या सुमाराला नवा लाल कांदा येईपर्यंत देश त्याच्यावर चालतो. ऑगस्टमध्ये शेतकऱ्याला वाटलं की पुढच्या महिन्यात भाव चढेल, तर आजच्या प्रत्येक भावाला तो कमी माल आणेल. पुरवठ्याची रेषा आज डावीकडे. त्याच वेळी व्यापाऱ्यालाही तसंच वाटलं, तर तो आजच जास्त घेईल. मागणीची रेषा उजवीकडे. शेतात काहीही घडलेलं नसताना केवळ दोघांच्या मनातल्या अंदाजाने भाव चढतो.

आता पाऊस. काढणीच्या तोंडावर अवकाळी आला आणि प्रत्येक भावाला येणारा माल २० क्विंटलनी घटला असं धरा. २० रुपयांना आता ३० ऐवजी १० क्विंटल, २५ ला २०, ३० ला ३०, ३५ ला ४०, ४० ला ५०. जुन्याच ३० रुपये भावाला घेणाऱ्यांना ५० क्विंटल हवाय आणि माल आहे ३०. वीस क्विंटलचा तुटवडा. व्यापारी एकमेकांवर चढी बोली लावतात. भाव ३५ झाला की काही घेणारे गळतात, काही शेतकरी थोडा जास्त माल आणतात, आणि दोन्ही बाजू ४० क्विंटलवर जुळतात.

इथे वर्गात दरवर्षी गोंधळ होतो, म्हणून थांबून बघा. पुरवठा *घटला* तेव्हा त्याची रेषा कागदावर *वर* गेल्यासारखी दिसते. मुलं मग लिहितात, ‘पुरवठा वाढला’. वर-खाली बघूच नका, डावीकडे-उजवीकडे बघा. डावीकडे म्हणजे कमी, उजवीकडे म्हणजे जास्त. दोन्ही रेषांना हाच नियम.

आणि याच उदाहरणात दोन्ही हालचाली एकत्र आहेत. पुरवठ्याची रेषा सरकली. मागणीची रेषा मात्र जागेवर आहे. तिच्यावरचा बिंदू तेवढा ५० वरून ४० वर आला. म्हणून ‘पावसामुळे मागणी घटली’ हे वाक्य चूक. लोकांची कांद्याची गरज पावसाने कमी केली नाही, महाग झाल्यामुळे त्यांनी कमी घेतला.

राहिलं शेवटचं वाक्य, सगळ्यात अवघड. दोन्ही रेषा एकदम सरकल्या तर?

पावसाने पुरवठा २० नी घटलेलाच आहे. त्यात सरकारने निर्यात थांबवली. परदेशी पाठवणारे व्यापारी लिलावातून बाजूला झाले, म्हणून मागणीही प्रत्येक भावाला २० नी घटली. नवे आकडे मांडा: ३० रुपयांना मागणी ३०, पुरवठाही ३०. भाव होता तिथेच! फलकावर ३० चा आकडा बघून कुणी म्हणेल, बाजारात काहीच घडलं नाही. पण माल ५० क्विंटलवरून ३० वर आलाय.

आता मागणी २० ऐवजी ४० नी घटली असं धरून पुन्हा करा. जुळणी २५ रुपयांना, २० क्विंटलवर. पीक गेलं आणि वर भावही उतरला. कांदा कमी पिकला की भाव मिळतोच, असं म्हणणाऱ्यांना हा तक्ता दाखवा. उलट मागणी थोडीच घटली असती, तर भाव ३० च्या वर राहिला असता. तीनही वेळा माल मात्र घटला. उतारा हेच सांगतो: दोन्ही रेषा डावीकडे गेल्या, तर विकला जाणारा माल नक्की घटतो, भाव चढेल की उतरेल हे कोणती रेषा जास्त सरकली यावर ठरतं.

हे कागदावरच घडतं असं नाही. केंद्र सरकारने डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची निर्यात बंद केली, ती ४ मे २०२४ ला उठवली. बंदी येताच नाशिक जिल्ह्यात भाव कोसळले, शेतकऱ्यांनी लिलाव बंद पाडले. मात्र त्याच दिवसांत लाल कांद्याची आवकही जोरात होती, म्हणजे पुरवठ्याची रेषाही उजवीकडे चालली होती. मागणी डावीकडे आणि पुरवठा उजवीकडे, अशा वेळी भाव नक्की उतरतो. माल किती विकला जाईल ते मात्र सांगता येत नाही. म्हणून त्या हिवाळ्यातली सगळी घसरण एकट्या बंदीच्या नावावर टाकणं मला पटत नाही. बंदीचा वाटा नव्हता म्हणणं तर अजिबातच नाही.

अजून एक. बातमीत तुम्ही वाचाल, ‘देशात पुरवठा वाढावा म्हणून निर्यातबंदी’. आपण तर मागणी घटली म्हणालो. दोन्ही बरोबर आहेत. आपला आलेख लासलगावच्या लिलावाचा आहे, तिथे निर्यातदार हा घेणारा. बातमीतला आलेख मुंबईच्या गिऱ्हाइकाचा, त्याच्यासाठी बाहेर न गेलेला कांदा हा जादाचा पुरवठा. रेषा काढण्याआधी आलेख कुठल्या बाजाराचा आहे ते वरती लिहा.

घरी करून आणा

१. ‘कांदा महागला, त्यामुळे मागणी घटली, त्यामुळे कांदा पुन्हा स्वस्त झाला.’ या वाक्यात ‘मागणी घटली’ म्हणताना रेषा सरकली की रेषेवरचा बिंदू? त्यावरून वाक्याचा शेवटचा भाग कुठे घसरतो ते तीन ओळींत लिहा.

२. डिझेल महागलं आणि बाजारापर्यंतचं भाडं वाढलं. त्याच आठवड्यात कांदेनवमी आली. पहिल्या तक्त्यावरून सुरुवात करून पुरवठा १० नी घटवा, मागणी १० नी वाढवा. नवा भाव किती? माल किती? माल तेवढाच का राहिला?