झाकणाखालचे नव्वद दिवस
(सदनिकेतील ओल्या कचऱ्याच्या खतावरील चित्रफितीची संहिता)

दृश्य १. गॅलरीचा कोपरा. झाकण लावलेली २० लिटरची बादली. झाकणावरील चिकटपट्टीवर लिहिले आहे : ‘दिवस ९०’. कॅमेरा स्थिर.

निवेदन : आम्हा दोघांच्या स्वयंपाकघरात निघालेली जवळजवळ प्रत्येक साल आणि प्रत्येक देठ दीड महिना या बादलीत जात होते, त्यानंतरचा दीड महिना तिच्यात काहीही टाकलेले नाही. आत काय तयार झाले आहे, हे मी अगदी शेवटी दाखवणार आहे.

दृश्य २. रिकामी बादली. ड्रिलने भोके पाडली जात आहेत.

निवेदन : बाजूंना आणि तळाला भोके हवीतच. कचरा कुजवणाऱ्या ज्या जिवाणूंवर आपली भिस्त आहे, त्यांना प्राणवायू लागतो. तो मिळाला नाही, की त्यांची जागा दुर्गंधी सोडणारे जिवाणू घेतात. बादली दोन विटांवर ठेवून खाली पसरट ताट सरकवावे आणि तळाशी चार बोटे पालापाचोळा अंथरावा.

दृश्य ३. जवळून : सुरी, भाजीचे देठ, चहाचा चोथा, चुरलेली अंड्याची टरफले.

निवेदन : तुकडे बोटाच्या पेराएवढे असावेत, कारण तुकडा जितका लहान, तितका जिवाणूंना पृष्ठभाग अधिक मिळतो. ओल्या कचऱ्यात नत्र भरपूर असते, तर वाळलेली पाने, लाकडाचा भुसा आणि पुठ्ठा यांत कर्ब. कर्ब आणि नत्र यांचे प्रमाण सुमारे ३० ला १ राहिले, तर कुजण्याची क्रिया सुरळीत चालते. रोज उठून हा हिशेब कोणी करत नाही. एक वाटी ओले टाकले, तर दोन वाट्या सुके टाकायचे, एवढे पुरते. तेलकट शिजवलेले अन्न, मांस आणि दुधाचे पदार्थ मात्र या बादलीत नकोत. सुरुवातीला मूठभर जुने खत मिसळले, तर ते विरजणासारखे काम करते.

दृश्य ४. ‘दिवस ११’. ताटात काळपट पाणी, बादलीभोवती चिलटे. झाकण अर्धवट उघडते. आतले दिसत नाही.

निवेदन : येथे चूक माझी होती. अर्ध्या कलिंगडाच्या साली मी एका वेळी ओतल्या आणि सुके टाकणे उद्यावर ढकलले. तिसऱ्या दिवशी शेजारच्या काकूंनी ‘घरात काही मेले आहे का’, असे अत्यंत सभ्यपणे विचारले. वास घालवण्यासाठी काहीही फवारण्याची गरज नसते. मी पुठ्ठा फाडून मिसळला, तळापर्यंत खुरपे घालून सर्व वरखाली केले आणि वर भुशाचा जाड थर दिला. दोन दिवसांत वास गेला, चिलटांना आठवडा लागला. तेव्हापासून मी मूठ दाबून पाहतो : एखाददुसराच थेंब निघाला तर ओल योग्य, धार लागली तर सुके कमी पडले आहे.

दृश्य ५. ‘दिवस १९’. मिश्रणात खोवलेल्या तापमापीचा काटा ४६ अंशांवर. पांढरे तंतू.

निवेदन : गॅलरीत २९ अंश असताना बादलीच्या मध्यभागी ४६ अंश भरले. ही उष्णता सूक्ष्मजीवांच्या श्वसनातून निर्माण होते. पांढरे तंतू पाहून घाबरून बादली रिकामी करणारे लोक मला ठाऊक आहेत; ती बुरशी असते आणि चिवट देठ फोडण्याचे काम तीच करते.

दृश्य ६. ‘दिवस ४५’, ‘६०’, ‘७५’. बादलीच्या आतल्या कडेवर खडूच्या खुणा. प्रत्येक खूण आधीच्या खुणेहून खाली.

निवेदन : पंचेचाळिसाव्या दिवशी ही बादली भरली आणि कचरा दुसऱ्या बादलीत जाऊ लागला. आठवड्यातून एकदा ढवळणे आणि कोरडे वाटल्यास पाण्याचा शिपका देणे, एवढेच काम उरले.

दृश्य ७. ‘दिवस ९०’. संगीत थांबते. झाकण सावकाश उचलले जाते. वर तपकिरी पाने, अजून ओळखू येणारी.

निवेदन : हा वरचा थर अजून तयार नाही, तो दुसऱ्या बादलीत जाईल.

(हात पाने बाजूला सारतो. पाच सेकंद शांतता. खाली गडद, जवळजवळ काळा रंग. खुरपे आत जाते, वर येते. चाळणी हलते, कागदावर भुसभुशीत, रवाळ माती जमत जाते.)

निवेदन : चित्रफितीतून वास पोहोचत नाही, म्हणून सांगतो : पहिल्या पावसानंतर येतो तोच मृद्गंध येथे आहे. जमिनीतील काही जिवाणू जिओस्मिन नावाचे द्रव्य तयार करतात, त्याचा हा वास. खत आता थंड आहे. मूठभर खत पिशवीत बंद करून तीन दिवसांनी उघडावे. तरीही हाच वास आला, तर ते मुरले आहे असे समजावे. कुंडीत तीन भाग मातीला एक भाग खत मिसळावे.

(कॅमेरा तळहाताजवळ येतो. काळ्या मातीत एकच पांढरा कण. बोट तो उचलते : अंड्याच्या टरफलाचा तुकडा. बोट तो पुन्हा मातीत दाबते. पडदा काळा.)