विषय: "सेन्सर कुठे बसवलास?" या तुमच्या प्रश्नाचं उत्तर

नमस्कार मॅडम,

गुरुवारी करिअर मेळाव्यात दुपारी तुमच्या स्टॉलवर आपली भेट झाली. मोटरच्या बेअरिंगमधला बिघाड कंपनांवरून ओळखण्याचा प्रकल्प घेऊन आलेली विद्यार्थिनी मीच. बाकीच्यांनी आलेख पाहून मान डोलावली होती. तुम्ही मात्र पहिलाच प्रश्न विचारलात, "सेन्सर कुठे बसवलास?" मी म्हटलं, पंख्याच्या झाकणावर, कारण तिथे सपाट जागा मिळते. त्यावर तुम्ही म्हणालात, "झाकण पातळ पत्र्याचं असतं, ते स्वतःच थरथरतं. बेअरिंगचं ऐकायचं तर हाउसिंगवर जा, आणि भार ज्या बाजूला येतो तिथे बस."

ते मनात राहिलं. शुक्रवारी प्रयोगशाळेत जाऊन सेन्सर ड्राइव्ह एंडच्या हाउसिंगवर, बेल्टच्या ओढीच्या बाजूला बसवला आणि तेच बेअरिंग पुन्हा चालवलं. त्याच्या आउटर रेसवर आम्ही मुद्दाम ओरखडा पाडलेला आहे. मोटर 1440 आरपीएमने, म्हणजे सेकंदाला 24 फेरे, आणि बेअरिंगमध्ये 9 गोळे. ढोबळ सूत्राने (0.4 × गोळे × फेरे) आउटर रेसची खूण 86 हर्ट्झच्या आसपास दिसायला हवी. झाकणावरच्या नोंदींत ती गोंधळात बुडाली होती. हाउसिंगवर मात्र 86 ला स्वच्छ टोक आलं आणि दुपटीला, 172 जवळ, दुसरंही. तीन वेळा मोटर थांबवून पुन्हा सुरू केली, तिन्ही वेळा तेच. दोन्ही जागांचे आलेख एकाच पानावर जोडले आहेत.

एक मर्यादा सांगायलाच हवी. आमचा सेन्सर सेकंदाला 1600 नोंदी घेतो, त्यामुळे 800 हर्ट्झच्या वरचं आम्हाला दिसतच नाही. ओरखडा मोठा असल्याने तो सापडला. अगदी सुरुवातीचा बिघाड आधी वरच्या पट्ट्यात बोलतो, तो या साहित्याने पकडता येईल असा दावा मी करणार नाही. तुमच्या विभागात ते काम रोज चालतं असं तुम्ही सांगितलंत, आणि मला तेच शिकायचं आहे.

तुम्ही सुचवल्याप्रमाणे उन्हाळी इंटर्नशिपचा अर्ज काल रात्री भरला. बायोडेटाही सोबत आहे, त्यात प्रकल्पाचा परिच्छेद नव्या नोंदींनुसार बदलला आहे. जोडलेलं पान पाहून तुम्हाला काही खटकलं तर जरूर कळवा, एका ओळीचं उत्तरही पुरेल. फोनवर बोलणं सोयीचं असेल तर मंगळवार किंवा बुधवारी दुपारी 3 नंतर मी मोकळी आहे.

रांग मोठी असतानाही तुम्ही माझ्या वहीत हाउसिंगचं चित्र काढून दाखवलंत, त्याबद्दल मनापासून आभार. ते पान मी प्रयोगशाळेच्या टेबलासमोर चिकटवलं आहे.

आपली नम्र,
मृणाल
यांत्रिकी अभियांत्रिकी, तृतीय वर्ष