मंगळवार, रात्री साडेअकरा

तो झोपलाय. निदान पाठ फिरवून पडलाय.

भांडण गॅस सिलिंडरवरून झालं. नंबर लावायला तो विसरला आणि ऐन कुकर लावल्यावर गॅस संपला. एवढंच. पण मी "तुला घरातलं काही दिसतच नाही" इथून सुरुवात केली आणि गेल्या गणपतीत तो आईंच्या औषधाच्या गोळ्या आणायला विसरला होता, तिथवर पोचले. त्या गोळ्यांचा आज काय संबंध होता?

खरं सांगायचं तर राग सिलिंडरचा नव्हताच. दुपारी ऑफिसात सगळ्यांसमोर बोलणी खाल्ली, तेव्हा गप्प बसले. घरी आल्यावर त्याला एका शब्दानं सांगितलं नाही. त्यानंच ओळखावं असं वाटत होतं. तो पायमोजे काढत क्रिकेट बघत बसला, तिथेच माझं डोकं फिरलं.

"तू अगदी तुझ्या बाबांसारखा" हे मात्र मी मुद्दाम म्हणाले. कुठे लागेल ते माहीत होतं. त्यावर तो काहीच बोलला नाही, उठून इंडक्शनवर खिचडी टाकली. माझ्या वाटणीची अजून झाकून ठेवलीय.

तोही चिडून बोलला, ते आहेच. पण बाबांचं वाक्य माझं. सकाळी चहाच्या आधी तेवढ्याची माफी मागायची, "पण तूही" न जोडता.