धांड्याचं मखर: महालक्ष्म्यांच्या सजावटीचा व्हिडिओ

(संहिता. अंदाजे नऊ मिनिटं. चित्रीकरण परभणी जिल्ह्यातल्या एका गावी, घराच्या ओसरीत आणि अंगणात. राखी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी दाखवायचा, म्हणजे महालक्ष्म्यांना तीनेक आठवडे हाती राहतात. बोलणाऱ्या: सूनबाई, आत्याबाई आणि आठ वर्षांचा सोनू. पार्श्वसंगीत नको, ओसरीतले आवाज तसेच राहू द्यावेत.)

दृश्य 1. कापसाचं शेत, सकाळ

(सरीत वाकलेली सूनबाई. मातीतून पांढरे मणी वेचून तळहातावर घेते. तळहात जवळून.)

सूनबाई: राम राम. हे काय असेल, सांगा बरं? साबुदाणा नाही, खताचे दाणेही नाहीत. आमच्याच घरातल्या मखराचा हा थर्माकोल आहे. दोन वर्षांपूर्वी मी बाजारातून साडेबाराशे रुपयांचं मखर आणलं होतं, सोनेरी रंग मारलेलं. महालक्ष्म्या तीन दिवस त्यात बसल्या. चौथ्या दिवशी ते मोडलं, म्हणून उकिरड्यावर टाकलं. गावात कचऱ्याची गाडी येत नाही, दुसरं कुठं टाकणार होते? उन्हाळ्यात उकिरडा उपसला, खत शेतात गेलं आणि खतासोबत हे मणीही गेले. शेण कुजलं, पाला कुजला, हे मात्र तसंच्या तसं. नांगरलं की आणखी बारीक होतं. ज्या लक्ष्मीसाठी एवढी हौस केली, तिच्याच शेतात मी हे पेरलं.

(मणी ओढणीच्या पदरात बांधते.)

त्या दिवसापासून ठरवलं. गेल्या वर्षी पहिल्यांदा दुसरं काहीतरी करून बघितलं. काही जमलं, काही बिघडलं. दोन्ही दाखवते.

दृश्य 2. ओसरी

(आत्याबाई भिंतीला टेकून बसलेल्या. पुढ्यात कडब्याची पेंढी. सोनू शेजारी.)

आत्याबाई: काय करायलीस गं? फोटू काढायलीस का माझा?

सूनबाई: फोटो नाही आत्याबाई, व्हिडिओ. तुम्ही सोनूला धांड्याची बैलगाडी करून देता ना, ते दाखवा.

आत्याबाई: त्यात काय दाखवायचं? धांडं घ्यायचं, वरची साल सोलायची, आत भेंड असतंय.

(हात जवळून. ज्वारीच्या वाळलेल्या धांड्याचं पेर तोडून त्या साल सोलतात. आतून पांढरा, हलका, बोटाएवढा गाभा निघतो.)

सूनबाई: बघितलंत? पांढरं, हलकं, पात्यानं कापता येतं, टोचलं तर टाचणी आत जाते. आपल्या शेतातला थर्माकोल हा असा आहे. मराठवाड्यात ज्या घरी कडब्याची गंजी आहे त्या घरी हा आहे, आणि ज्यांच्याकडे नाही त्यांना शेजारी पेंढी नाही म्हणणार नाहीत. सोललेली साल टाकू नका. तिच्या बारीक काड्या म्हणजे खिळे. भेंडाच्या दोन तुकड्यांत काडी खुपसली की जोड पक्का, गोंदाची गरज नाही.

सोनू: आजी, चाक कर ना.

आत्याबाई: थांब रे. आधी जू होऊ दे.

(बैलगाडी आकार घेते. हे दृश्य घाईनं कापू नये, किमान चाळीस सेकंद हात चालताना दिसावेत.)

सूनबाई (आवाज): जी बोटं जू, दांडी, चाक करतात, त्याच बोटांनी कमानीची जाळी होते. एका पेराच्या चकत्या कापा, प्रत्येकीला पाच खाचा द्या, फूल झालं. दोन-तीन इंचांचे तुकडे तिरपे जोडत गेलात की जाळी. भेंड बोटाएवढंच असतं, त्यामुळे थर्माकोलसारखा मोठा सपाट पत्रा यातून निघत नाही. म्हणून मखराचा सांगाडा भेंडाचा करायचा नाही, भेंड फक्त नक्षीला.

दृश्य 3. अंगण, सांगाडा

(तुराट्यांचा भारा, बांबूच्या कामट्या, सुतळी.)

सूनबाई: सांगाड्याला चार बांबू आणि तुराट्या. तूर काढल्यावर चुलीसाठी रचून ठेवलेल्या असतातच, त्यातल्या सरळ निवडा. सुतळीनं बांधा. नायलॉनची दोरी नको, कारण सोडताना ती कापावी लागते आणि तुकडे पुन्हा उकिरड्यावर जातात. मागचा पडदा म्हणून आत्याबाईंचं जुनं इरकल लुगडं लावलंय. त्याच्या काठासमोर बाजारातली सोनेरी झालर फिकी पडते, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

दोन खबरदाऱ्या नीट ऐका. कडबा आणि तुराट्या आणल्या की दोन दिवस कडक उन्हात टाका, झटका, मगच घरात घ्या. जुन्या गंजीत किडे असतात. दुसरी गोष्ट त्याहून मोठी. हे सगळं वाळलेलं आहे, ठिणगीला लगेच धरतं. समई आणि मखर यांच्यात दोन हात अंतर ठेवा, समई पितळी ताटात ठेवा, रात्री झोपताना कुणीतरी बघा. आमच्या घरी पाण्याची बादली मखरामागेच असते.

दृश्य 4. चूल आणि रंग

(मातीच्या पाच पणत्यांमध्ये रंग. शेजारी भाजलेले चिंचोके.)

सूनबाई: आता रंग. गेल्या वर्षी माझं सगळ्यात जास्त इथं बिघडलं. बिटाचा रस लावला, सुंदर गुलाबी दिसला, दुसऱ्या दिवशी मातकट. पालकाचा हिरवा तपकिरी झाला. भाजीचे रंग टिकत नाहीत, त्यावर वेळ घालवू नका. हिरवं हवं तिथं आंब्याची पानंच लावा.

टिकतो तो गेरू. ते लोखंडाचं गंजलेलं खनिज आहे, उन्हात उडत नाही. काळ्यासाठी दिव्याची काजळी. पांढऱ्याला भेंडच पुरे. आणि पिवळ्याला हळद. आपल्या शेजारी हिंगोली जिल्ह्यातल्या वसमतची हळद, 2024 साली तिला भौगोलिक मानांकनही मिळालं. उन्हात हळद फिकी पडते, पण घरात तीन दिवस उत्तम राहते.

(हळदीच्या पणतीत बोटभर चुन्याची निवळी पडते. पिवळा क्षणात लाल.)

सोनू: आई! कुंकू झालं!

सूनबाई: कुंकू असंच तर करायचे. चुना लागला की हळद लाल होते. म्हणून पिवळा रंग हवा असेल तर चुना लावलेल्या भिंतीवर किंवा चुन्याच्या हातानं हळद लावू नका. चुन्याचं काम मोठ्यांनी करायचं, मुलांच्या हाती ते द्यायचं नाही.

रंग चिकटायला खळ लागते. मूठभर चिंचोके भाजायचे, रात्रभर भिजवायचे, साल काढून वाटायचे आणि दोन वाट्या पाण्यात ढवळत शिजवायचे. मधासारखी दाट झाली की उतरवा. चिंचोके नसतील तर बाभळीचा डिंक रात्रभर भिजवून फडक्यातून गाळा, एक चमचा डिंकाला चार चमचे कोमट पाणी. खळीत चिमूटभर तुरटी घाला. पूर्वी काही जण टिकावी म्हणून मोरचूद घालायचे. ते विष आहे, घालू नका. माझ्या खळीवर पहिल्या वर्षी उंदीर आले होते, म्हणून आता रंगवलेले तुकडे वाळेपर्यंत मी दोरीला उंच टांगते.

आत्याबाई: आमच्या येळला शेंदूर असायचा. काही बी असलं की शेंदूर.

सूनबाई: हो आत्याबाई, आणि तेवढं एक आपण सोडायचं. खरा शेंदूर म्हणजे शिशाची राख, हिंगूळ म्हणजे पारा आणि गंधक. देवाला वाहिलेलं असलं तरी अंगात गेलं तर शिसं ते शिसंच. लहान मूल बोट तोंडात घालतं, शिसं मेंदूवर बसतं. जुनं म्हणून सगळं निर्धोक, असं मी म्हणणार नाही. आणि बाजारातली चमकी म्हणजे बारीक केलेलं प्लास्टिक. तिच्याऐवजी फाटक्या साडीची जर उसवून लावा, रात्रीच्या दिव्यात ती जास्त चमकते.

दृश्य 5. विहीर

(कठड्याशी सूनबाई. आत खाली पाणी.)

सूनबाई: तुम्ही म्हणाल, एवढं काय त्या रंगाचं? आमच्या ओढ्याला भाद्रपदात पाणी असेलच, याची खात्री नसते. मग विसर्जन विहिरीत होतं. लातूरकरांना आठवत असेल, 2016 साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं. ज्या मुलखात पाणी रेल्वेनं येतं, तिथं विहिरीत रासायनिक रंग सोडणं मला जमत नाही. थर्माकोलच्या सजावटीवर आपल्या राज्यात 2018 पासून बंदी आहे, 2022 च्या जुलैपासून देशभर आहे. तरी आडबाजूच्या दुकानात ते मिळतं, कारण आपण विचारतो. विचारणं थांबलं तर दुकानदार आणणारही नाही.

घरात आधीच प्लास्टिकची तोरणं असतील तर ती आज फेकू नका, लाजूही नका. तुटेपर्यंत जपून वापरा, नवीन मात्र घेऊ नका. विजेच्या माळाही तशाच, दरवर्षी जपून काढा.

दृश्य 6. गेल्या वर्षीचं मखर (मोबाईलवरचे जुने फोटो) आणि पुन्हा ओसरी

सूनबाई (आवाज): हे गेल्या वर्षीचं. वरच्या कमानीत भेंडाची एकशेवीस फुलं, मोजली आहेत. दोन्ही बाजूंना केळीचे खांब, समोर झेंडू. आणि वर टांगलेला फुलोरा तर आपल्याकडे असतोच, करंज्या, पापड्या, वेणी-फणी. म्हणजे खाता येईल अशी सजावट आपण पिढ्यानपिढ्या करतो आहोत. त्याच्या शेजारी प्लास्टिकचं फूल टांगायची गरजच काय होती, हा प्रश्न मला फोटो बघताना पडला. खर्च? बांबूचे दोनशे चाळीस रुपये, सुतळीचे साठ. बाकी घरचं. वेळ मात्र लागतो, ते लपवत नाही. संध्याकाळी टीव्हीसमोर बसून आम्ही दहा दिवस फुलं केली. सोनूचे बाबाही बसले.

(पुन्हा ओसरी. तिघं फुलं करताहेत.)

आत्याबाई: सांग त्यास्नी, साल सोलताना हात सांभाळा. धार असती तिला.

सूनबाई: ऐकलंत. सालीनं बोट चिरतं, मुलांना सोललेलं भेंडच द्या. सण झाला की नक्षी सोडवा, न रंगवलेला कडबा बैलांपुढे टाका, रंगवलेला उकिरड्यावर. हार सुती दोऱ्यात ओवलेला असेल तर दोऱ्यासकट जाऊ द्या. फक्त टाचण्या वेचून घ्या, बैलाच्या पोटात जायला नकोत.

आज रात्री एवढंच करा. चिंचोके भाजा, भिजत घाला. उद्या सकाळी गंजीवरनं पेंढी उतरवा, उन्हात टाका. सोनू, बैलगाडी दाखव बरं.

(सोनू कॅमेऱ्याजवळ गाडी आणतो. चाक निखळतं. आत्याबाई हात पुढे करून दुसरी काडी खुपसतात.)

आत्याबाई: आण इकडं. कोण लावलं हे असं?

(पडदा काळा.)