लग्नाच्या फोटोंत केस आणि ब्लाऊजचा रंग जरासा सुधारून देण्याबद्दल

मु. पो. सासर, २ जून

नमस्कार भाऊ,

पेनड्राइव्ह मिळाला. इकडे सगळ्यांनी टीव्हीला लावून पाहिला. हळदीचे फोटो तर मी चारदा पाहिले, इतके जिवंत आले आहेत. अल्बम छपाईला टाकण्याआधी दोन गोष्टी करून द्या, एवढी विनंती आहे. फोनवर सांगितलं असतं, पण सोबत ब्लाऊजच्या कापडाची कतरण पाठवायची होती. ती इथेच पिनेने लावली आहे.

ऊन फार म्हणून मांडवावर हिरवी नेट ताणली होती, आठवतं ना? त्या उजेडात DSC_0412 ते DSC_0458 मध्ये ब्लाऊज चॉकलेटी दिसतो. तो डाळिंबी आहे. आईच्या लग्नातला शालू घडीवर विरला होता, त्यातला चांगला राहिलेला भाग काढून शिवला आहे. फोटो पाहून आई एवढंच म्हणाली, "रंग उतरला का गं त्याचा?" ते माझ्या मनाला लागून राहिलं. रंग उतरलेला नाही, हे तिला अल्बममध्ये दिसलं पाहिजे.

कतरण दिवसाच्या उजेडात धरून पाहा, ट्यूबलाइटखाली नको. रात्रीच्या DSC_0731 मध्ये रंग अगदी बरोबर आला आहे, तो समोर ठेवा. आधी पूर्ण फोटोतली हिरवी झाक काढलीत तर पिवळी साडी आणि माझी मानही सुधारेल, मग ब्लाऊजला थोडंच करावं लागेल. वरून सपाट रंग भरू नका. बाहीची जर सोनेरीच राहू द्या आणि चुण्यांची सावली जाऊ देऊ नका.

आता केसांचं. कुलर नेमका माझ्या बाजूला होता. अक्षता पडताना मुंडावळ्यांवरून बटा उडून डोळ्यांवर आल्या आहेत. DSC_0436 आणि DSC_0441 मधल्या तेवढ्या काढा. कानाजवळची बट मात्र ठेवा, ती माझी नेहमीचीच आहे. उन्हाच्या बाजूने केस तांबूस दिसतात, ते किंचित गडद चालतील, पण कलप लावल्यासारखे काळेभोर नकोत. भांगातली विरळ जागा भरू नका. चेहऱ्याला हात लावू नका, गोरी तर मुळीच करू नका.

DSC_0449 मध्ये आजी थरथरत्या हाताने माझे केस मागे सारते आहे. त्यातली एकही बट काढू नका. तिथे फक्त ब्लाऊजचा रंग तेवढा नीट करा.

आधी DSC_0436 एकच करून माझ्या व्हॉट्सॲपवर पाठवा, आईला दाखवून लगेच कळवते. मूळ फोटो पुसू नका. वेगळे पैसे लागत असतील तर संकोच न करता सांगा. कतरण अल्बमसोबत परत द्या, तेवढीच उरली आहे.

तुमची,
वैशाली
(१८ मेच्या लग्नातली)